न थांबणारा नकाशा

ओपन-वर्ल्ड गेममध्ये खेळाडूसमोर एक सलग प्रदेश असतो. डोंगर, रस्ते, गावं, जंगलं यांतून वाटेल त्या दिशेला वाटेल तितकं जाता येतं आणि मध्ये कुठेही ‘लोडिंग’ची पट्टी आडवी येत नाही. पण हा सगळा प्रदेश यंत्राच्या मेमरीत एका वेळी कधीच नसतो. २००१ साली आलेल्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’मध्ये अख्खं शहर होतं, आणि ज्या प्लेस्टेशन २ वर ते चालायचं त्याची मुख्य मेमरी होती फक्त ३२ मेगाबाइट. शहर डिस्कवर असायचं. खेळाडू जिथे असेल तिथल्या आसपासचा भाग तेवढा मेमरीत यायचा आणि मागे पडलेला भाग पुसला जायचा. या सतत चालणाऱ्या भरणी-उपशाला स्ट्रीमिंग म्हणतात. त्या गेममध्ये एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना मात्र लोडिंगचा पडदा यायचाच. तो पडदाही नाहीसा करायचा तर स्ट्रीमिंगच्या जोडीला आणखी एक तंत्र लागतं. ते म्हणजे लेव्हल ऑफ डिटेल, या क्षेत्रातल्या लोकांच्या तोंडी एलओडी. एकच वस्तू कमी-जास्त तपशिलाच्या अनेक आवृत्त्यांमध्ये तयार ठेवायची आणि अंतर पाहून योग्य ती आवृत्ती दाखवायची, हे त्याचं सार.

दोन्ही तंत्रांची गरज किती मोठी आहे हे जमिनीच्या साध्या हिशेबावरून कळतं. दहा किलोमीटर लांब आणि तितक्याच रुंद प्रदेशाची कल्पना करू. आजच्या मोठ्या गेममध्ये हा आकार फार मोठा मानला जात नाही. जमिनीचा आकार साठवण्याची रूढ पद्धत म्हणजे हाइटमॅप. प्रदेशावर चौकटींची जाळी टाकायची आणि जाळीच्या प्रत्येक बिंदूपाशी जमिनीची उंची किती, एवढाच आकडा लिहून ठेवायचा. पायाखालची जमीन नैसर्गिक वाटावी म्हणून दर अर्ध्या मीटरला एक बिंदू घेतला, तर एका बाजूला वीस हजार आणि एकूण ४० कोटी बिंदू होतात. प्रत्येक उंचीला दोन बाइट धरले तर ८०० मेगाबाइट. यात गवत, माती, झाडं, घरं काहीच आलं नाही, ही नुसती उघडी जमीन झाली. शिवाय चित्र काढताना शेजारचे बिंदू जोडून त्रिकोण बनवावे लागतात. ४० कोटी बिंदूंचे ८० कोटी त्रिकोण सेकंदाला तीस किंवा साठ वेळा रंगवणं घरगुती यंत्राला झेपणारं नाही.

सुदैवाने त्यातले बहुतेक त्रिकोण डोळ्याला दिसूच शकत नाहीत. पडद्यावर उभ्या दिशेत १०८० पिक्सेल आहेत आणि गेममधला कॅमेरा उभ्या दिशेत ६० अंशांचा देखावा टिपतो, असं समजा. त्या मापाने एक मीटर उंचीचा दगड एक किलोमीटरवरून पडद्यावर जेमतेम एक पिक्सेल भरतो. तिथली जमीन दर अर्ध्या मीटरला मोजून रंगवली तर एकाच पिक्सेलवर कितीतरी त्रिकोणांची गर्दी होते, आणि त्यातून चित्र सुधारत तर नाहीच, उलट पिक्सेल लुकलुकायला लागतात. दूरच्या वस्तूला कमी तपशील पुरतो हा विचार जेम्स क्लार्क यांनी १९७६ च्या एका शोधनिबंधात मांडला. हेच क्लार्क पुढे सिलिकॉन ग्राफिक्स आणि नेटस्केप या कंपन्यांचे संस्थापक झाले. त्या काळी संगणकाला काही शे त्रिकोण रंगवतानाही धाप लागत असे, तरी निबंधातला मूळ विचार आज जसाच्या तसा वापरात आहे.

जमिनीला हा विचार लावण्याची एक सुबक रीत फ्रँक लोसासो आणि ह्यूग हॉप यांनी २००४ मध्ये दाखवली. तिचं नाव जिऑमेट्री क्लिपमॅप. खेळाडूला केंद्रस्थानी धरून त्याच्याभोवती एकात एक चौरस कडी आखायची. सगळ्यात आतल्या चौरसात २५६ गुणिले २५६ बिंदू, दर अर्ध्या मीटरला एक. म्हणजे तो १२८ मीटर रुंद झाला आणि खेळाडूपासून सर्व बाजूंनी ६४ मीटरपर्यंत पोचला. पुढच्या कड्यालाही बिंदू तितकेच, पण अंतर एक मीटर, त्यामुळे पोच १२८ मीटर. त्यापुढे दोन मीटर, मग चार, मग आठ. असं दर कड्याला अंतर दुप्पट करत गेलं की आठव्या कड्यात बिंदू ६४ मीटरवर असतात आणि पोच आठ किलोमीटरच्या पुढे जाते. आठ कडी मिळून साधारण सव्वापाच लाख बिंदू, म्हणजे सुमारे एक मेगाबाइट. मघाचे ८०० मेगाबाइट इथे एकावर आले. गंमत अशी की कोणत्याही कड्यातला त्रिकोण पडद्यावर साधारण सारख्याच रुंदीचा भरतो, ढोबळमानाने सात ते पंधरा पिक्सेल. पायापाशी अर्धा मीटर आणि क्षितिजावर चौसष्ट मीटर असा प्रचंड फरक असूनही डोळ्याला तो जाणवत नाही. लोसासो आणि हॉप यांनी याच पद्धतीने संपूर्ण अमेरिकेच्या भूभागाचा सुमारे ४० गिगाबाइटचा उंचीचा तक्ता ३५५ मेगाबाइटमध्ये दाबून बसवला आणि त्यावरून विनाखंड उड्डाण करून दाखवलं.

खेळाडू चालू लागला की कडीही त्याच्याबरोबर सरकतात. अर्धा मीटर पुढे गेल्यावर आतल्या चौरसाला समोरच्या बाजूने २५६ उंचींची एक नवी ओळ लागते आणि मागची एक ओळ निरुपयोगी होते. मग नवी ओळ मेमरीत जुनीच्याच जागेवर लिहिली जाते. बाकीचे आकडे हलवावे लागत नाहीत. दुसऱ्या कड्याला नवी ओळ दर मीटरला लागते आणि आठव्याला दर चौसष्ट मीटरला. ताशी १८० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ५० मीटरने गाडी धावत असली तरी सगळ्या कड्यांची मिळून गरज सेकंदाला सुमारे १०० किलोबाइट भरते. ही अगदीच किरकोळ मागणी आहे. जमिनीचा आकार स्वस्त असतो, महाग पडतं ते तिच्यावर अंथरलेलं सगळं. त्याकडे वळण्याआधी कड्यांच्या सांध्यांकडे पाहायला हवं, कारण या तंत्राचं कसब तिथेच आहे.

दोन कडी जिथे भेटतात तिथे आतल्या बाजूला बिंदू दुप्पट असतात. बाहेरच्या कड्याची कड दोन बिंदूंमध्ये सरळ रेषेत जाते. आतल्या कड्याला त्याच जागी मध्ये एक जादा बिंदू असतो आणि तो रेषेच्या थोडा वर किंवा खाली असतो. तेवढ्या जागेत बारीक फट पडते आणि तिच्यातून आकाशाचा रंग डोकावतो. हिरव्या उतारावर क्षणभर चमकून जाणारा निळा-पांढरा ठिपका दिसला तर तो बहुधा याचा पुरावा. उपाय दोन आहेत. कडेच्या त्रिकोणांची जोडणी अशी करायची की दोन्ही बाजूंचे बिंदू तंतोतंत जुळतील. नाहीतर प्रत्येक तुकड्याच्या कडेला खाली लोंबणारी एक झालर लावायची, म्हणजे फट पडली तरी तिच्यामागे आकाशाऐवजी मातीच दिसते. झालर हा गणिताच्या दृष्टीने आळशी उपाय आहे, पण तो सोपा, स्वस्त आणि भरवशाचा आहे, म्हणून सर्रास वापरला जातो.

दुसरा दोष वेळेचा. खेळाडू पुढे सरकला की एखादा उंचवटा बाहेरच्या कड्यातून आतल्या कड्यात येतो आणि त्याचा आकार एका क्षणात बदलतो. माणसाची नजर स्थिर चित्रातली चूक खपवून घेते, पण अचानक झालेली हालचाल तिच्यातून सुटत नाही. या टुणकन बदलण्याला पॉपिंग म्हणतात. ते लपवण्यासाठी कड्याच्या बाहेरच्या पट्ट्यात प्रत्येक बिंदूची उंची दोन्ही आवृत्त्यांच्या मधली घेतली जाते. जसजसं अंतर घटतं तसतशी ती ढोबळ उंचीकडून खऱ्या उंचीकडे हळूहळू सरकते. बदल तोच, पण तो अनेक चौकटींवर पसरल्यामुळे लक्षात येत नाही.

केवळ अंतरावर भिस्त ठेवणाऱ्या कड्यांची एक मर्यादाही आहे. दूरचा सपाट माळ आणि दूरचा टोकदार सुळका यांना ती सारखंच वागवतात. माळाचं काही बिघडत नाही, सुळक्याचं मात्र टोकच नाहीसं होतं, आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवर ती उणीव उठून दिसते. म्हणून अनेक गेम इंजिनं प्रदेशाचे चौकोन पाडतात, प्रत्येकाचे पुन्हा चार, त्यांचे पुन्हा चार, अशी उतरंड रचतात. चौकोनाची ढोबळ आवृत्ती खऱ्या जमिनीपासून जास्तीत जास्त किती मीटर चुकते हे आधीच मोजून ठेवलेलं असतं. गेम चालू असताना ती चूक सध्याच्या अंतरावरून पडद्यावर किती पिक्सेलची दिसेल ते काढलं जातं. ठरवलेल्या मर्यादेत असेल तर ढोबळ चौकोन चालतो, नसेल तर त्याचे चार तुकडे वापरायचे. या रीतीत माळाला थोडे त्रिकोण मिळतात आणि सुळक्याला भरपूर.

जमिनीवरच्या वस्तूंना हाच न्याय, पण रूपं वेगळी. जवळच्या झाडाला हजारो त्रिकोण असतात. थोड्या अंतरावर पानांचे झुबके मोठे आणि कमी होतात. आणखी दूर गेल्यावर झाड राहतच नाही, त्याचं निरनिराळ्या बाजूंनी आधीच काढलेलं सपाट चित्र उभं केलेलं असतं. या चित्राला इम्पोस्टर, म्हणजे तोतया, म्हणतात. इमारतींच्या बाबतीत अख्ख्या वस्तीची मिळून एकच ढोबळ आकृती केली जाते, कारण शंभर सोप्या वस्तू वेगवेगळ्या रंगवण्यापेक्षा एक जोडवस्तू रंगवणं यंत्राला हलकं जातं. पृष्ठभागावरच्या चित्रांच्या, म्हणजे टेक्स्चरच्या, निम्म्या-निम्म्या आकाराच्या प्रती ठेवतात. त्यांना मिपमॅप म्हणतात. सगळ्या लहान प्रती मिळून मूळ चित्राच्या फक्त एक तृतीयांश जागा घेतात, पण स्ट्रीमिंगला त्या अमूल्य असतात. मोठी प्रत डिस्कवरून येईपर्यंत लहान प्रतीवर काम भागतं.

आता डिस्ककडे. समजा नकाशाच्या १२८ मीटरच्या टाइल पाडल्या आणि खेळाडूभोवतीच्या पाच गुणिले पाच टाइल पूर्ण तपशिलात मेमरीत ठेवायच्या ठरल्या. प्रत्येक टाइलमधल्या भिंती, दिवे, झुडपं, टेक्स्चर मिळून दहा मेगाबाइट धरले, तर एकूण २५० मेगाबाइट. सेकंदाला ५० मीटर वेगाची गाडी एक टाइल सुमारे अडीच सेकंदांत ओलांडते, आणि दर वेळी समोरच्या बाजूला पाच नव्या टाइल, म्हणजे ५० मेगाबाइट लागतात. मागणी झाली सेकंदाला वीस मेगाबाइट. प्लेस्टेशन ४ ची फिरती हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला ५० ते १०० मेगाबाइट देऊ शकते, तेव्हा कागदावर हे सहज जमायला हवं.

अडचण त्या ‘सलग’ शब्दात आहे. फिरत्या डिस्कमध्ये वाचणारी दांडी योग्य वर्तुळावर न्यावी लागते, मग हवी ती जागा फिरून खाली येईपर्यंत थांबावं लागतं. या एका शोधाला दोन ते पन्नास मिलिसेकंद लागतात. सरासरी दहा धरू. टाइलमधल्या शंभर वस्तू डिस्कवर शंभर ठिकाणी विखुरलेल्या असतील तर पाच टाइलना पाचशे शोध, म्हणजे पाच सेकंद नुसते शोधण्यात जातात. गाडीने मात्र फक्त अडीच सेकंद दिलेले असतात. यादीतली प्रत्येक जिन्नस वेगळ्या दुकानातून आणायची ठरवली तर खरेदीपेक्षा पायपीटच जास्त होते, तसं हे. उपाय एकच. टाइलला लागणारं सगळं सामान एका जागी ओळीने लिहून ठेवायचं. मग पाच टाइलना पाच शोध, आणि बाकीचं वाचन अर्ध्या ते एका सेकंदात उरकतं.

त्याची किंमत जागेत मोजावी लागते. २०१८ च्या ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’मध्ये खेळाडू न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनवरून जाळ्याच्या धाग्याला लोंबकळत वेगाने झेपावतो. तिथल्या रस्त्यांवर टपालपेट्या आणि वर्तमानपत्रांचे खोके जागोजागी आहेत. प्रत्येक टाइलचं सामान तिच्याचपाशी ठेवायचं म्हटल्यावर तीच टपालपेटी पुन्हा पुन्हा लिहावी लागते. प्लेस्टेशन ५ चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० च्या व्याख्यानात सांगितलं, की या गेममधल्या अशा काही वस्तू हार्ड डिस्कवर चारशे वेळा लिहिलेल्या आहेत. गेमचा आकार फुगण्याचं हे एक प्रामाणिक आणि फारसं न चर्चिलं गेलेलं कारण आहे.

टाइल कधी आणायची आणि कधी सोडायची याचेही संकेत आहेत. आणण्याचं आणि सोडण्याचं अंतर एकच ठेवलं तर सीमेवर इकडून तिकडे करणारा खेळाडू तीच टाइल दर सेकंदाला भरायला आणि पुसायला लावतो. म्हणून सोडण्याचं अंतर मुद्दाम थोडं मोठं ठेवतात. रांगेत कोणाला पुढे घ्यायचं हे खेळाडूच्या दिशेवरून आणि वेगावरून ठरतं. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम असा की ढोबळ आवृत्ती आधी आणायची, शक्यतो कायमची मेमरीत ठेवायची, आणि बारीक तपशील वेळ मिळेल तसा वर चढवायचा. त्यामुळे डिस्क मागे पडली तरी खेळाडूला पोकळी दिसत नाही, फक्त थोडा धूसर, मेणासारखा गुळगुळीत देखावा दिसतो. एलओडी आणि स्ट्रीमिंग यांची खरी सांगड इथे आहे. उशीर टळत नाही, पण उशिराचं रूप सौम्य होतं.

ही सवलत एका ठिकाणी मात्र चालत नाही. टक्कर ओळखण्यासाठी लागणारी जमीन ढोबळ किंवा गैरहजर असून भागत नाही. चित्र आलं आणि टकरीची जमीन आली नाही तर गाडी रस्त्यातून आरपार खाली जाते आणि नकाशाखालच्या पोकळीत पडत राहते. म्हणून ती सर्वांत आधी येते, आणि ती वेळेत पोचली नाही तर शहाणी इंजिनं गेम क्षणभर थांबवणं पसंत करतात. भरधाव गाडीला मध्येच बसलेला तो हिसका म्हणजे गेमने पत्करलेला कमी वाईट पर्याय असतो.

असा हिसका बसूच नये म्हणून आराखडाकारही हातभार लावतात. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’चे तांत्रिक संचालक ओब्बे फर्मेय यांनी नंतर सांगितलं, की स्ट्रीमिंगला गाठता येत नव्हतं अशा ठिकाणी रस्त्याची आखणी बदलून खेळाडूचा वेग कमी केला गेला आणि एका रस्त्यावर गाड्यांना होणारा हवेचा विरोध किंचित वाढवला गेला. २००२ च्या ‘मेट्रॉइड प्राइम’मध्ये पलीकडची खोली तयार नसेल तर दरवाजाच उशिरा उघडतो. ‘मास इफेक्ट’मधल्या संथ लिफ्ट, कितीतरी गेममध्ये अंग चोरून पार करायच्या अरुंद कपारी, यांमागचं कारणही तेच. कपारीतून जाताना वेग ठरलेला असतो, मागचं-पुढचं दिसत नसतं, आणि डिस्कला काही सेकंद निवांत मिळतात.

एवढं माहीत झाल्यावर कोणत्याही गेममध्ये ही यंत्रणा उघडी पाडता येते. मोकळ्या माळावर सरळ चालत राहून वीस-तीस मीटर पुढच्या जमिनीकडे पाहिलं तर गवताची कड आपल्याबरोबर सरकताना दिसते. सावल्या त्याहून लवकर चुगली करतात. दूरच्या झाडाला सावली नसते आणि ठरावीक अंतरावर ती उमटते. भिंतीवरची पाटी आधी पुसट दिसून मग एकदम वाचण्याजोगी झाली, तर मिपमॅपची मोठी प्रत नुकतीच पोचली असं समजावं.

नकाशावरच्या दूरच्या जागी एका झटक्यात जाण्याच्या सोयीला, म्हणजे फास्ट ट्रॅव्हलला, यातली कोणतीच चलाखी उपयोगी पडत नाही. सरकणाऱ्या कड्यात थोडं थोडं नवं येतं, तर इथे पंचवीसच्या पंचवीस टाइल आणि आजूबाजूच्या सगळ्या ढोबळ आवृत्त्या एकदम लागतात. म्हणून ‘स्पायडर-मॅन’मध्ये अशा वेळी भुयारी रेल्वेत बसलेल्या नायकाची छोटी दृश्यं दाखवली जात. लोडिंगचा पडदाच तो, पण गोष्टीत शोभणारा. २०१९ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ५ च्या प्राथमिक यंत्रावर हाच प्रवास करून दाखवला तेव्हा प्लेस्टेशन ४ प्रो वरचे पंधरा सेकंद ०.८ सेकंदावर आले. त्या कन्सोलमधली एसएसडी सेकंदाला साडेपाच गिगाबाइट वाचते, आणि तिच्यात फिरणारं काहीच नसल्यामुळे विखुरलेल्या वस्तू शोधण्याचा खर्च जवळपास संपला. त्याबरोबर टपालपेटीच्या चारशे प्रतींची गरजही संपली. २०२३ च्या ‘स्पायडर-मॅन २’मध्ये रेल्वेची दृश्यं नाहीत. नकाशावर बोट ठेवलं की खेळाडू थेट तिथे उतरतो.

एलओडीची गरज मात्र एसएसडीने कमी केलेली नाही. डिस्क कितीही वेगवान झाली तरी मेमरीची मर्यादा कायम आहे, आणि एक किलोमीटरवरचा दगड पडद्यावर एकच पिक्सेल भरतो. अनरिअल इंजिन ५ मधल्या नॅनाइटसारख्या यंत्रणांनी फक्त निवडीचं माप बारीक केलं आहे. पूर्वी आवृत्ती अख्ख्या वस्तूची बदलायची, आता वस्तूतल्या शंभरेक त्रिकोणांच्या प्रत्येक पुंजक्यासाठी पडद्यावरची चूक मोजून वेगळा निर्णय होतो आणि तेवढाच पुंजका डिस्कवरून मागवला जातो. त्यामुळे पॉपिंग जवळजवळ दिसेनासं होतं. जुन्या फिरत्या डिस्कवर मात्र अशा हजारो लहान मागण्या परवडत नाहीत, आणि संगणकावर खेळणाऱ्या कित्येकांकडे अजून तशीच डिस्क असते. त्यांच्यासाठी काढलेल्या आवृत्त्यांमध्ये टाइलचं सामान आजही ओळीनेच लिहावं लागतं.